लिफ्टची भीती: रोज बसूनही का जात नाही?

मीरा_इंदूर

मंडळी, जरा सविस्तर लिहिते, म्हणजे सांगणाऱ्यांना सोपं जाईल.

मागच्या वर्षी आम्ही रामबागेतलं जुनं घर सोडून बायपासकडे सातव्या मजल्यावर राहायला आलो. सासूबाई ६२ वर्षांच्या. गुडघ्यांमुळे जिना जमत नाही आणि लिफ्टची भयंकर भीती. दार बंद झालं की हात गार पडतात, छातीत धडधडतं, ओठ कोरडे. हृदयाच्या सगळ्या तपासण्या झाल्या आहेत, तिथे काही नाही.

सुरुवातीला एका समुपदेशकांनी सांगितलं होतं की भीतीला ० ते १०० मध्ये आकडा द्यायचा आणि तो निम्म्यावर येईपर्यंत वरखाली फेऱ्या मारत राहायच्या. आम्ही इमानेइतबारे केलं. मी बरोबर असायचे. ८० वरून ४० वर यायचं, आम्ही खूश होऊन घरी यायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी दार बंद झालं की पुन्हा ८०. महिनोन् महिने हेच.

आता ज्या बाईंकडे जातो त्या म्हणतात आकडा सोडा. लिफ्टमध्ये जायच्या आधी वहीत लिहा, "आत नेमकं काय होईल असं वाटतंय?" आणि मला सांगितलंय की हात धरायचा नाही. शक्य झालं की बरोबर जायचंच नाही.

मला कळत नाही ते हे, की ही उपचारपद्धती म्हणजे भीतीच्या समोर जाऊन जाऊन ती झिजवणं, असंच ना? मग भीती कमी होते की नाही हे बघायचंच नाही, तर बघायचं काय?

---

गणेश_दांडियाबाजार

मीराताई, हे सगळं सवयीचं आहे. थंडीत गार पाण्याने आंघोळ करा, पहिला तांब्या जीव घेतो, पाचव्याला काही वाटत नाही. मेंदूही थकतो घाबरून घाबरून. तुम्ही लोकांनी मधेच सोडलं असेल. निम्म्यावर कशाला थांबायचं, पार शून्यावर येईपर्यंत फेऱ्या मारायच्या होत्या.

मला पोहायला असंच शिकवलं, सरळ ढकललं टाकीत. आजही पोहतो.

---

भियाजी५६

गणेशभाऊ, आईंना लिफ्टच्या खड्ड्यात ढकलायचं म्हणताय का? 😄

मीराताई, सात मजले उतरून पोहे-जिलबी मिळणार असेल तर माणूस भीती विसरतो. हा आमचा इंदूरी उपचार.

---

चिंगी_पाटणकर

वाचतेय. मलाही हवंय हे. माझं लिफ्टचं नाही, रक्त काढायचं आहे. सुई बघितली की मी खरोखर आडवी होते. दोनदा तर लॅबमधल्या मुलाने झेललं. मी पण समोर जाऊन जाऊन शिकावं का? व्हिडिओ बघायला लागले होते, तर तेही बघताना गरगरलं.

---

विभावरी_ग्वाल्हेर

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. आईंना मी पाहिलेलं नाही, तेव्हा त्यांच्या उपचारात ढवळाढवळ करणार नाही. पण मीराताईंच्या नव्या बाई जे करताहेत त्यामागचं कारण सांगता येईल.

मीराताई, एकच विचारते. आईंना विचारलंत का कधी, की भीती "कशाची"? "लिफ्टची" हे उत्तर नको. लिफ्टमध्ये काय होईल, किती वेळात होईल?

---

मीरा_इंदूर

हो, वहीत हेच लिहून घेतलं त्या बाईंनी. आईंचं उत्तर जसंच्या तसं देते: "दार बंद होईल ते उघडणारच नाही. तीन मिनिटांत आतली हवा संपेल. आधी गुदमरेन, मग बेशुद्ध पडेन, आणि कुणी यायच्या आत संपेल." खात्री किती, तर शंभरात ९०.

तीन मिनिटं कुठून आली देव जाणे.

---

विभावरी_ग्वाल्हेर

आता सातव्या मजल्यावरून खाली यायला तुमच्या लिफ्टला किती वेळ लागतो?

---

मीरा_इंदूर

मधे कुठे थांबली नाही तर पाऊण मिनिट.

अरेच्चा.

---

विभावरी_ग्वाल्हेर

हेच ते. आईंची अपेक्षा तीन मिनिटांची आहे आणि प्रत्येक फेरी पाऊण मिनिटात संपते. म्हणजे इतक्या फेऱ्या मारूनही त्यांची जी मूळ समजूत, "तीन मिनिटांत हवा संपते", ती एकदाही तपासली गेलेली नाही. प्रत्येक वेळी मेंदूने नोंद काय केली? "हवा संपायच्या आत सुटलो." अशा शंभर सुटका झाल्या तरी एकशे एकाव्या वेळी धोका तेवढाच वाटणार. त्यात काही वेडेपणा नाही, हिशेब बरोबर आहे.

दुसरं, त्यांच्या हातात काय काय असायचं ते आठवा. तुमचा हात तर होताच.

---

मीरा_इंदूर

मोबाइल. यांचा नंबर लावून ठेवलेला, नुसतं बटण दाबायचं बाकी. पदराला कापराची वडी, हुंगायला. आणि दाराच्या फटीशी नाक लावून उभ्या राहतात, दोन्ही पल्ले मिळतात तिथे.

---

विभावरी_ग्वाल्हेर

मग वाचवलं कुणी? मोबाइलने, कापराने, सुनेने, फटीने. लिफ्ट निर्धोक आहे याचं श्रेय लिफ्टला कधी मिळालंच नाही.

गणेशभाऊ, तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही. बराच काळ आमच्या क्षेत्रातही साधारण तसंच मानत. १९८६ मध्ये एडना फोआ आणि मायकेल कोझाक यांनी जी मांडणी केली तिच्यात भीती आधी जागी व्हायला हवी, मग त्याच बैठकीत उतरायला हवी आणि पुढच्या बैठकीला कमी पातळीवरून सुरू व्हायला हवी, अशा खुणा होत्या. "निम्मं होईपर्यंत थांबा" हा नियम त्याच विचारातून रुळला. पण नंतर आकडे तपासले तेव्हा अडचण आली. त्या बैठकीत भीती किती उतरली यावरून माणूस पुढे किती बरा होईल, हे भरवशाने सांगता येईना. काहींची भीती बैठकभर वरच राहिली, तरी महिन्यांनी पाहिलं तर छान. काहींची झरझर उतरली आणि आठवड्यात परत आली. मिशेल क्रॅस्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरच बोट ठेवलं.

गार पाण्याचं म्हणाल तर तिथे शिकण्यासारखं काही नाही. पाणी गार आहे हे पहिल्या तांब्याला माहीत होतं, पाचव्यालाही तेच, फक्त कातडी बधिरली. आणि दुसऱ्या दिवशी पहिला तांब्या पुन्हा जीव घेतोच ना? मीराताईंचं ८०-४०-८० तेच आहे.

---

गणेश_दांडियाबाजार

हे मान्य. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतो. 😐

पण टाकीचं काय? मला ढकललं आणि भीती गेली, हे तर खरं.

---

विभावरी_ग्वाल्हेर

तुम्हाला वाटत होतं बुडून मराल. नाही मेलात. एका झटक्यात समजूत मोडली. ढकललं म्हणून गेली असं नाही. तुमच्याबरोबर ढकललेल्यांपैकी जे नाकातोंडात पाणी जाऊन वर आले ते आज पोहतात का, ते विचारून बघा.

---

गणेश_दांडियाबाजार

माझा चुलतभाऊ. आजतागायत टाकीच्या कडेलाही येत नाही. बरं, पुढे बोला.

---

निवृत्त_अभियंता

मी आयुष्यभर लिफ्टच्याच धंद्यात होतो, उभारणी आणि दुरुस्ती दोन्ही. मीराताई, आईंना हे वाचून दाखवा म्हणजे प्रश्नच मिटेल.

लिफ्टची केबिन हवाबंद नसतेच. खाली आणि वर हवेसाठी झरोके सोडलेले असतात, दाराच्या पल्ल्यांभोवती फटी असतात, आणि केबिन ज्या उभ्या पोकळीत वरखाली फिरते तिथे हवाच हवा. पंखा उकाड्यासाठी असतो, श्वासासाठी नाही. तो बंद पडला तरी आतला माणूस घामाघूम होईल, गुदमरणार नाही. वीज गेली तर बऱ्याच नव्या लिफ्टना बॅटरीवरचं यंत्र असतं, ते केबिनला जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडतं. दोर तुटून खाली कोसळणं हे सिनेमात. दोर एक नसतो, अनेक असतात, आणि वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की केबिनखालचे जबडे रुळांना आवळून धरतात.

---

विभावरी_ग्वाल्हेर

काका, फार छान लिहिलंत. पण मीराताई, हे आईंना इतक्यात वाचून दाखवू नका.

---

निवृत्त_अभियंता

आता यात काय चुकलं?

---

विभावरी_ग्वाल्हेर

चुकलं काहीच नाही, फक्त घाई झाली. मेंदू शिकतो तो अपेक्षा आणि घडलेलं यांच्यात अंतर पडलं की. अंतर जितकं मोठं तितका धडा पक्का. आज आईंची खात्री ९० आहे. तुमचं ऐकून ती ५० वर आली, आणि मग त्या आत उभ्या राहून काही झालं नाही, तर धक्का निम्माच बसला. शिवाय घरी दिलेली समजूत लिफ्टचं दार बंद होताना बहुतेक वेळा उपयोगी पडत नाही. आईंना आधीही कुणीतरी सांगितलं असेलच की "अहो, काही होत नाही".

आधी त्यांना ९० च्या खात्रीने आत जाऊ दे. बाहेर आल्यावर त्या स्वतः विचारतील, "हवा कशी काय नाही संपली?" तेव्हा तुमचे झरोके सांगा. तेव्हा ते डोक्यात बसतील.

---

भियाजी५६

काका, तुमची पोस्ट सध्या डबाबंद. 🙏

---

तर्कट

मला हे जरा नाटकी वाटतंय. दोन मुद्दे.

पहिला, जुन्या पद्धतीने, म्हणजे पायरीपायरीने भीती उतरवत, जगभर लोक बरे झालेच की. जोसेफ वोल्पेची पद्धत १९५८ पासून लोकांना माहीत आहे. ती चुकीची होती तर बरे कसे झाले?

दुसरा, "भीती झिजते" आणि "मेंदू नवीन शिकतो" यात फरक काय? शेवटी माणूस घाबरायचा थांबला ना. तुम्ही आतल्या यंत्रणेला काहीही नाव द्या.

---

विभावरी_ग्वाल्हेर

दुसऱ्यापासून सुरू करते, कारण फरक तिथेच दिसतो.

भीती झिजून संपत असती तर ती संपल्यावर परत यायला नको. पण येते, आणि अगदी ठरावीक प्रसंगी येते. पाव्हलॉवनेच हे पाहिलं होतं. घंटेनंतर अन्न मिळायचं म्हणून घंटा ऐकून कुत्र्याला लाळ सुटायची. मग अन्न न देता नुसती घंटा वाजवत राहिला, लाळ थांबली. काही वेळ जाऊ दिला, पुन्हा घंटा वाजवली, तर लाळ परत. जी गोष्ट पुसली गेली ती आपोआप परत कुठून येईल? म्हणजे ती पुसलीच गेली नव्हती.

पुढे मार्क बाउटन यांनी उंदरांवर बरंच काम केलं. एका पिंजऱ्यात आवाजाबरोबर शॉक देऊन आवाजाची भीती शिकवली. दुसऱ्याच पिंजऱ्यात आवाज पुन्हापुन्हा ऐकवला, शॉक नाही, भीती गेली. उंदराला पहिल्या पिंजऱ्यात परत ठेवलं की भीती हजर. म्हणजे "आवाज म्हणजे धोका" ही जुनी आठवण जागेवरच आहे, आणि "आवाज आहे पण धोका नाही" ही नवी आठवण तिच्यावर दाब ठेवून असते. नवीचा एक कमकुवतपणा असा की ती जिथे शिकली त्या जागेला चिकटलेली असते. जुनी मात्र कुठेही चालते.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. झिजवायचीच असती तर एकाच लिफ्टमध्ये घासत बसलं तरी चाललं असतं. नवी आठवण बळकट करायची असेल तर जागा, वेळ, सोबत, लिफ्ट, सगळं बदलत राहावं लागतं. तर्कटराव, नावाने काम बदलत नाही म्हणता, पण इथे पूर्ण वेळापत्रक बदलतं.

पहिल्या मुद्द्यावर मी तुमच्याशी बऱ्यापैकी सहमत आहे. जुन्या पद्धतीने लोक बरे झाले, आजही होतात. नव्या मांडणीप्रमाणे केलेले उपचार जुन्यापेक्षा सरसकट फार सरस ठरले, असं मी म्हणणार नाही. तुलना झाल्या त्यांत पुष्कळदा दोन्ही सारखेच निघालेत. मला वाटतं वोल्पेच्या खुर्चीत सैल बसून भीतीची कल्पना करतानाही माणूस नकळत हेच शिकत होता की जे होईल वाटलं ते झालं नाही. फरक पडतो तो गाडी अडते तिथे, मीराताईंच्या घरी अडली तशी.

---

तर्कट

"मला वाटतं" वर मी इमारत बांधत नाही, पण उंदरांचं पटलं.

---

चिंगी_पाटणकर

माझं कुणी सांगेल का हो? 🙋‍♀️

---

विभावरी_ग्वाल्हेर

चिंगी, सॉरी, राहून गेलं. तुझं प्रकरण वेगळं आहे. आईंना वाटतं बेशुद्ध पडेन, पण पडत नाहीत. तू खरंच पडतेस. रक्त किंवा सुई पाहून काही जणांचा रक्तदाब आधी चढतो आणि मग एकदम घसरतो. अशा माणसाला "काही होत नाही, बघ" म्हणून उभं केलं तर काहीतरी होतंच, आणि भीती पक्की.

तुझ्यासाठी स्वीडनच्या लार्स-गोरान ओस्ट यांची पद्धत आहे. बसून हात, पाय, पोट यांचे स्नायू घट्ट आवळायचे, दहा-पंधरा सेकंद, चेहरा गरम वाटेपर्यंत. मग सोडायचे, पण पार सैल पडायचं नाही, नेहमीच्या स्थितीला यायचं. थोडं थांबून परत, असं पाचेक वेळा. आधी घरी जमवायचं, मग व्हिडिओ बघताना, मग लॅबमध्ये. सुई असलेला हात सैल ठेवायचा. आणि लॅबमध्ये आधीच सांग की आडवं झोपवून रक्त घ्या. कुणाकडून तरी समोर शिकून घेतलंस तर उत्तम.

---

चिंगी_पाटणकर

म्हणजे मला सगळे "सैल सोड, खोल श्वास घे" सांगतात ते नेमकं उलटं! लॅबवाल्याला हे वाचायला देते.

---

अनामिक_सुदामानगर

नाव देत नाही. मला गर्दीत, विशेषतः सराफ्यात रात्री, घाबरायला होतं. डॉक्टरांनी गोळी दिली आहे, ती घेऊन गेलं की काही होत नाही. कित्येकदा जाऊन आलो. आता गोळी नुसती खिशात असली तरी चालतं. हे बरं होणंच ना?

---

विभावरी_ग्वाल्हेर

पहिलं म्हणजे, या गोळ्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. काहींच्या बाबतीत ते धोक्याचं असतं. जे करायचं ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारून.

आता उत्तर. सराफ्यातून सुखरूप परत आल्यावर तुमच्या मेंदूने श्रेय कुणाला दिलं? खिशातल्या गोळीला. आईंच्या कापराच्या वडीसारखंच. १९९३ मध्ये आयझॅक मार्क्स आणि सहकाऱ्यांचं एक मोठं काम प्रसिद्ध झालं, त्यात अल्प्राझोलाम आणि भीतीच्या जागी जाण्याचा उपचार यांची तुलना होती. गोळी चालू असताना तिचा फायदा दिसला, बंद केल्यावर तो टिकला नाही. दुसऱ्या उपचाराचा टिकला. खिसा रिकामा ठेवून सराफ्यात जाणं हा तुमचा पुढचा प्रयोग होऊ शकतो. डॉक्टरांशी बोलून.

---

अनामिक_सुदामानगर

खिसा रिकामा ठेवायच्या नुसत्या विचाराने घाम आला. म्हणजे तुमचं बरोबर दिसतंय. विचारतो.

---

मीरा_इंदूर

मंडळी, काल पहिला प्रयोग झाला. सविस्तर सांगते.

दुपारी दोनची वेळ ठरवली, तेव्हा लिफ्ट रिकामी असते. त्या बाई स्वतः आल्या होत्या. तळमजला. आईंनी वहीत लिहिलं: "तीन मिनिटांत हवा संपेल, मी पडेन. खात्री ९०." मोबाइल, कापूर माझ्याकडे. मी आणि बाई बाहेर. आईंनी आत जायचं, दार बंद होऊ द्यायचं आणि कुठलंच बटण दाबायचं नाही. दार उघडायचं बटण आत आहेच, त्यामुळे कोंडलेल्या नव्हत्या, पण ठरलं होतं पाच मिनिटं. दाराच्या फटीपासून लांब, मागच्या आरशाला पाठ लावून उभं राहायचं.

मला बाहेर उभं राहणं जड गेलं. आतून आवाज नाही. दुसऱ्या मिनिटाला एकदम आईंची हाक, "मीरा, पंखा बंद झाला!"

आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं की लिफ्ट रिकामी समजून ती पंखा बंद करते. मी दाराकडे धावलेच, पण बाईंनी अडवलं आणि आत ऐकू जाईल असं विचारलं, "आता काय होईल वाटतंय?" आई म्हणाल्या, "संपलं." बाई म्हणाल्या, "बघूया." बस. "काही होणार नाही" असं एकदाही म्हटलं नाही.

मग मधेच चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी लिफ्ट बोलावली. आई वर गेल्या. दार उघडलं तर आत घामाने चिंब बाई, हातात वही. काकू म्हणाल्या, "वर का खाली?" आई म्हणाल्या, "कुठेच नाही." काकू पिशवी घेऊन जिन्याने उतरल्या.

आई खाली आल्या आणि त्यांनी परत दार बंद होऊ दिलं. स्वतःहून! पाच मिनिटं नव्याने मोजली, पंखा याही वेळी बंद झाला. बाहेर आल्या तेव्हा मी सवयीने आकडा विचारला. ७० म्हणाल्या. माझं तोंड पडलं, पण बाई खूश. त्यांनी वेगळंच विचारलं: "काय होईल म्हणाला होतात, काय झालं?" आई बराच वेळ वहीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "पंखा बंद होऊनसुद्धा श्वास येत होता. कसा काय?"

मग मी अभियंता काकांचं लिखाण काढलं. दोनदा वाचायला लावलं त्यांनी.

---

निवृत्त_अभियंता

डबा उघडला म्हणायचा. पंख्याचं सांगायला हवं होतं, ते वीज वाचवायला असतं. काही लिफ्टमध्ये थोड्या वेळाने दिवाही जातो. आईंच्या लिफ्टमधला जाईल का ते कंट्रोल पॅनेल बघून सांगता येईल.

---

भियाजी५६

"वर का खाली?" "कुठेच नाही." काकू आता सोसायटीच्या ग्रुपवर काय लिहितील. 😂

---

विभावरी_ग्वाल्हेर

मीराताई, उत्तम झालं, आणि ७० असूनही उत्तम झालं. भीती ७० असताना, पंखा बंद असताना, सोबत कुणी नसताना त्या उभ्या राहिल्या आणि हवा संपली नाही. भीती १० असती तर एवढं शिकल्या नसत्या. आता खात्री किती म्हणतात?

---

मीरा_इंदूर

आज सकाळी विचारलं. ९० ची ३५ झाली. पण लगेच म्हणाल्या, "तळमजल्यावर होते, बाहेर गार्ड होता, तू होतीस. सहाव्या-सातव्याच्या मधे अडकले तर वेगळं."

मला वाटलं झालं, पुन्हा पहिले पाढे.

---

विभावरी_ग्वाल्हेर

उंदराचा पिंजरा बदलला, एवढंच. त्यांनी तुम्हाला पुढचा प्रयोगच हातात दिलाय. सातव्यावर दार बंद करून थांबायचं, तुम्ही घरात, गार्ड खाली. मग संध्याकाळच्या गर्दीत. मग दुसऱ्या इमारतीत. रोज एकाच वेळी, एकाच पद्धतीने नको, आणि सोप्याकडून अवघडाकडे असा जिनाही काटेकोर नको, मागेपुढे चालेल. मधे चार दिवस गेले की भीती थोडी वर येईल. ती येणारच. त्याला "परत गेलं" समजू नका, वही काढा आणि नवी अपेक्षा लिहा.

एक काळजी. "लिफ्ट कधीच अडकणार नाही" हे त्यांना शिकवू नका, कारण एखाद दिवशी अडकेल. शिकायचं ते असं की अडकली तर उकडेल, कंटाळा येईल, घाबरायला होईल, आणि श्वास चालू राहील.

---

तर्कट

एक शंका राहतेच. समजा एखाद्याची भीतीच अशी आहे की "घाबरणं वाढत वाढत जाईल आणि मला वेड लागेल". त्याच्यासाठी भीती उतरताना पाहणं हाच पुरावा नाही का? म्हणजे तुमचा आकडा परत आला.

---

विभावरी_ग्वाल्हेर

हो, बरोबर पकडलंत. त्या माणसासाठी थांबून उतरताना पाहणं हीच अपेक्षेची तपासणी आहे. तिथे मीही आकडा वापरते. त्याच्या बाबतीत दोन्ही बाजूंचे लोक एकच काम करतात आणि आपापलं कारण सांगतात. कुणाचं कारण खरं, हे तिथे वेगळं काढता येत नाही.

---

तर्कट

मग आज बरोबरी.

---

मीरा_इंदूर

दिवाळीला आई बडोद्याला नणंदेकडे जाणार आहेत, तिचं घर पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मधे दोन आठवडे रिकामे जातील. तिथे कुठे जमेल का?

---

गणेश_दांडियाबाजार

ताई, आमच्या दांडिया बाजारात एक जुनी इमारत आहे, ओढायच्या जाळीच्या दाराची लिफ्ट. दोन मजल्यांच्या मधे थांबते, हमखास. दुपारी रिकामी असते. आईंना घेऊन या, मी लिफ्टमनशी बोलून ठेवतो.

---

विभावरी_ग्वाल्हेर

गणेशभाऊ, कल्पना चांगली, पण जाळीतून हवा येताना दिसते. आईंची अपेक्षा तिथे तपासली जाणार नाही, त्या म्हणतील "जाळी होती म्हणून वाचले". बंद दाराची बघा.

---

गणेश_दांडियाबाजार

मग माझ्या बहिणीच्या सोसायटीतली. चकचकीत स्टीलची, पूर्ण बंद, आणि पंखा गेल्या उन्हाळ्यापासून चालतच नाही.

---

विभावरी_ग्वाल्हेर

ही चालेल. फक्त पंख्याचं आईंना आधी सांगू नका, आणि तुमच्या बहिणीला सांगा, बाहेरून "काही होत नाही हं" असं ओरडायचं नाही.